प्रतिसाद: इमारतीचं नाव

"लातूरला आमची चार मजली इमारत होत आली. गल्लीत साईकृपा, गुरुकृपा आणि मातोश्री आहेत. आम्हाला 'मातृकृपा' आवडलंय. ठेवावं का?"

अर्थ चांगलाच आहे, पण ठेवू नका. त्याचं तोंड मातोश्रीचं आणि शेपूट दोन शेजाऱ्यांचं. फोनवर कुरिअरवाल्याला नुसतं 'कृपा' ऐकू येणार आणि तुमचं पार्सल साईकृपात जाणार. माणसं घाईत नावाचं एकच टोक लक्षात ठेवतात, म्हणून दोन्ही टोकं वेगळी हवीत.

लातूरकरांना पाण्याइतकं शुभ काय असणार? २०१६ मध्ये इथं रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. म्हणून आधी 'सजल' सुचलं, पण सजल म्हटलं की डोळेच आठवतात, तेही रडवेले. 'मांजरा' आपली नदी खरी, पण पोरं म्याँव करतील!

मला 'सुकाळ' बरं वाटतं. दुष्काळाच्या नेमकं उलट, जोडाक्षर नाही, रिक्षावाल्यालाही एकदाच सांगावं लागेल. अडचण एकच, इंग्रजी पाटीवर 'ळ'चा 'ल' होतो. देवनागरी अक्षरं मोठी घ्या.

ठरवण्याआधी कोणाला तरी रस्त्यावरून फोन करायला लावा आणि पलीकडच्याला ऐकलेलं नाव लिहायला सांगा. गल्लीपुरतं न बघता आजूबाजूच्या पाट्याही वाचून या. सोसायटी करणार असाल तर उपनिबंधक कार्यालयातून नाव मंजूर होईपर्यंत पाटी रंगवू नका. अपार्टमेंट करणार असाल तर घोषणापत्राआधीच नाव पक्कं करा, कारण पुढं खरेदीखतांत तेच जातं.