शब्दचर्चा: मुदत 'वाढली' की 'वगळली'?

टिळकवाडीकर
मंडळी, एका शब्दावरून आमच्या घरी दोन दिवस काकांचा माझ्याशी अबोला आहे.

काकांनी २० जून २०१८ ला एका ओळखीच्या माणसाला दोन लाख दिले. मागता क्षणी परत करण्याची साधी प्रोनोट होती. पैसे आले नाहीत, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये बेळगावात दावा लावला. आता समोरच्याच्या कैफियतीत दावा मुदतबाह्य असल्याचा मुद्दा आहे. आमच्या वकिलांनी त्याला इंग्रजीत उत्तर तयार केलं. काकांना इंग्रजी वाचता येत नाही आणि कन्नड बाजारापुरतंच येतं, म्हणून मी ते उत्तर मराठीत उतरवून दिलं. त्यात कोविडच्या काळाबद्दल एक वाक्य आहे. त्याचं मी 'सुप्रीम कोर्टाने मुदत वाढवून दिली' असं केलं. काकांनी लाल पेनने 'वाढवून' खोडलं आणि वर लिहिलं, 'वाढ कुणी दिली? वगळली म्हण.'

मला दोन्ही एकच वाटतं. दिवस मिळाले ना, मग झालं. की खरंच फरक आहे?

निपाणीची_सून
काकांचं बरोबर वाटतंय, पण का ते सांगता येत नाही. आमच्या तंबाखूच्या वखारीत खाडा झाला तर तो दिवस वगळायचे, म्हणजे पगारात मोजायचेच नाहीत. आणि कुणाला आणखी काम दिलं तर 'दिवस वाढवले' म्हणायचे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या.

कॅम्पातला_बाळू
काय भांडूलासा बे. सरळ हिशेब हाय. तीन वर्षं म्हणजे २० जून २०२१ ला मुदत संपली. ती कोविडात पडली म्हणून सगळ्यांना १ मार्च २०२२ पासून नव्वद दिवस मिळाले. म्हणजे मे अखेर. जानेवारी २०२३ ला दावा लावला तर गेला की तो! काकांना सांगा, शब्द खोडून काही होत नाही.

टिळकवाडीकर
बाळू, समोरच्याच्या कैफियतीत नेमकं हेच लिहिलंय.

जुना_शिरस्तेदार
मी कोर्टात तेहतीस वर्षं कागद हाताळले, त्यातली निम्मी दावे दाखल करून घेण्याच्या टेबलावर. दावा मुदतीत आहे की नाही हे मोजणं तिथलं रोजचं काम, कारण समोरचा माणूस गप्प बसला तरी कोर्टाला ते स्वतःहून बघावं लागतं. म्हणून सांगतो, काकांनी खोडलं ते बरोबर खोडलं. बाळूचा हिशेब ज्या शब्दावर उभा आहे तोच चुकीचा आहे.

सुप्रीम कोर्टाने १० जानेवारी २०२२ ला शेवटचा आदेश दिला. त्याने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजणीतून वगळला. मोजलेत तर हे ७१६ दिवस भरतात. मोजपट्टीचा तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली, असं समजा. आता काकांची प्रोनोट त्या पट्टीवर ठेवा. १४ मार्च २०२० पर्यंत घड्याळ चाललं. तेव्हा २० जून २०२१ यायला एक वर्ष, तीन महिने आणि पाच-सहा दिवस बाकी होते. ते दिवस कुठे गेले नाहीत, नुसते थांबून राहिले. १ मार्च २०२२ ला घड्याळ पुन्हा सुरू झालं आणि ते उरलेले दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात, २०२३ साली संपले. ५ जून की ६ जून, यावर हवं तर वाद घाला. जानेवारीतल्या दाव्याला त्याने काही फरक पडत नाही.

नव्वद दिवस कुणासाठी, तेही सांगतो. समजा एखाद्याचे १५ मार्च २०२० ला फक्त वीस दिवस उरले होते. त्याला १ मार्च २०२२ नंतर वीसच दिवस दिले असते तर वकील गाठेपर्यंतच संपले असते. म्हणून अशांना किमान नव्वद दिले. उरलेला काळ नव्वदहून मोठा असेल तर तो मोठाच लागू होईल, हेही त्याच परिच्छेदात लिहिलंय. लोक नव्वदवर थांबतात, पुढचं वाक्य वाचत नाहीत. आणि ज्याची मुदत १४ मार्च २०२० लाच संपली होती, त्याला यातलं काहीच मिळालं नाही.

'वाढवून दिली' असं लिहिलंत की वाचणारा विचारतो, किती वाढवली? आणि उत्तरादाखल नव्वदचा आकडा हाताशी असतोच. 'वगळली' म्हटलंत की तो उरलेले दिवस मोजायला बसतो. एका क्रियापदाने तुमचं एक वर्ष जातं.

कॅम्पातला_बाळू
पण आदेशात '३ ऑक्टोबर २०२१ ला उरलेली मुदत' असं हाय ना? मी स्वतः वाचलंय. काकांचं त्या तारखेला काहीच उरलं नव्हतं, जूनमध्येच संपलेलं.

जुना_शिरस्तेदार
वाचलंस हे चांगलं केलंस, ते वाक्य खरोखर अडचणीचं आहे. आधी सप्टेंबर २०२१ च्या आदेशाने वगळलेला काळ २ ऑक्टोबरपर्यंत होता, म्हणून घड्याळ ३ ऑक्टोबरला सुरू व्हायचं होतं. पुढे पुन्हा साथ वाढली, वगळलेला काळ फेब्रुवारीअखेरपर्यंत नेला, पण ती जुनी तारीख वाक्यात तशीच राहिली. मात्र १५ मार्च २०२० पासूनचा काळ वगळला असेल तर ३ ऑक्टोबरला उरलेली मुदत आणि १५ मार्चला उरलेली मुदत एकच होते, कारण मधे घड्याळ चाललंच नाही. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच लवादाच्या एका प्रकरणात असं मोजलं. तिथे १५ मार्च २०२० ला एक वर्ष तेरा दिवस बाकी होते, ते १ मार्च २०२२ पासून दिले आणि १३ मार्च २०२३ ला संपले असं धरलं. तरी समोरचे वकील ते ३ ऑक्टोबरचं वाक्य पुढे करतील. काकांच्या वकिलांनी तो निकाल हाताशी ठेवावा.

शुद्धलेखन_प्रेमी
एवढी चर्चा झाली, पण मूळ शब्द कुणी सांगितलाच नाही. 'वगळणे' हा घरगुती शब्द आहे. विधी-मराठीत 'अपवर्जन' म्हणावं. 'हा कालावधी अपवर्जित झालेला समजण्यात येईल.' आणि 'मुदत' कशाला? हिंदीवाले 'परिसीमा' म्हणतात, किती भारदस्त वाटतं.

निपाणीची_सून
'अपवर्जित' वाचून काकांनी आणखी चार दिवस अबोला धरला असता.

वडगावचे_मास्तर
'परिसीमा' म्हणजे कळस, टोक. 'मूर्खपणाची परिसीमा' म्हणतात तसं. ज्याचे पैसे बुडाले त्याच्या दाव्याला तो शब्द लावू नका. मुदत अरबीतून आलेली असली तरी इथे ती सगळ्यांची आहे. कन्नडातही बँकेच्या पाटीवर 'मुद्दतु ठेवणी' असतं, आणि त्यातला 'ठेवणी' हा शब्द तर आपल्या 'ठेवी'चाच भाऊ. माझ्या आजोबांच्या कागदांत मात्र 'म्याद' आहे, 'म्याद टळली'. 'टळली' किती छान आहे बघा, जणू वाघ दारावरून निघून गेला. माझ्या मते म्याद म्हणजे न्यायालयाची आणि मुदत म्हणजे सावकाराची.

शुद्धलेखन_प्रेमी
मास्तर, याला पुरावा?

वडगावचे_मास्तर
आजोबा.

येळ्ळूरचा_पाटील
माझा प्रश्न वेगळा आहे. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते. तेही दिवस वगळायचे ना? घड्याळ थांबतंच की. आणि पंचांगाने मोजायचं असेल तर अधिक महिना धरायचा का? माझ्या चुलत्यांनी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला पैसे दिले होते.

जुना_शिरस्तेदार
आधी पंचांगाचं. कायदा सगळे दस्त इंग्रजी कॅलेंडरने केले असं धरून चालतो. तिथीची इंग्रजी तारीख काढा आणि तिथून तीन वर्षं मोजा, अधिक महिना सोडून द्या.

सुट्टीचं मात्र नीट समजून घ्या, कारण 'वगळणे' शब्दाची खरी परीक्षा तिथेच आहे. सुट्टीचे दिवस वगळत नाहीत. सुट्टीतही मुदत चालू राहते आणि संपतेही. फक्त शेवटचा दिवस बंद कोर्टावर पडला, तर कोर्ट उघडेल त्याच दिवशी लावलेला दावा चालवून घेतात. मुदत मात्र एका दिवसानेही लांबत नाही. आमच्या टेबलावर एक प्रकरण आलं होतं. मुदत सुट्टीत संपली, पक्षकाराने उघडत्या दिवशी दावा लावला, पण अधिकार नसलेल्या कोर्टात. वर्षभराने तो परत मिळाला. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे गेलेला वेळ वगळता येतो, म्हणून तो निर्धास्त होता. पण वेळ वगळल्यावरही त्याची मुदत सुट्टीतच संपलेली राहिली, कारण योग्य कोर्टात तो उघडत्या दिवशी गेलाच नव्हता. 'उघडत्या दिवसाची सवलत' आणि 'वगळलेला वेळ' यांची बेरीज होत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९३५ मध्येच सांगितलंय की सुट्टीच्या कलमाचा मुदत मोजण्याशी संबंध नाही.

येळ्ळूरचा_पाटील
म्हणजे एका ठिकाणी वगळतात, दुसऱ्या ठिकाणी चालवून घेतात. आणि उशीर माफ करतात तो?

जुना_शिरस्तेदार
माफी अपिलांना आणि अर्जांना. मूळ दाव्याला उशीर माफ होत नाही, उशिराचं कारण कितीही खरं असलं तरी.

निपाणीची_सून
आमचं बघा ना सर. माझ्या आईने एकीला पैसे दिले होते, ती अधूनमधून पाचशे-हजार मोबाईलवरून पाठवायची. आई म्हणते, शेवटचे पाठवले तिथून तीन वर्षं धरायची. ही 'वाढ' की 'वगळ'?

जुना_शिरस्तेदार
दोन्ही नाही, तिथे मुदत नव्याने सुरू होते. पण नुसते पैसे येऊन भागत नाही ताई. मुदत संपण्याआधी दिलेले असले पाहिजेत आणि पैसे परत देणाऱ्याच्या हातचं किंवा सहीचं काहीतरी लेखी पाहिजे. मोबाईलवरच्या नोंदीला ते म्हणता येईल का, हे वकिलांना विचारा. मी सल्ला देत नाही, कागद वाचतो.

कॅम्पातला_बाळू
मग मराठीत तीन शब्द हवेत की. वगळ, सवलत, नवी मुदत. टिळकवाडीकर, तू सगळ्याला 'वाढ' म्हणत होतास. (मीही म्हणत होतो, सोड.)

शुद्धलेखन_प्रेमी
'नवमुदत'?

वडगावचे_मास्तर
नको.

टिळकवाडीकर
काकांना वाचून दाखवलं. 'तेहतीस वर्षं' ऐकून ते खूश झाले, कारण त्यांच्या मते ते कुणाला विचारल्याशिवायच बरोबर होते. 'वगळला' ठेवलंय. आता नवीन भांडण सुरू झालंय. दाव्यात मी 'हातउसने दिलेली रक्कम' असं लिहिलं होतं, तर काकी म्हणतात की प्रोनोट केली म्हणजे ते हातउसने उरतच नाही, उसने म्हणजे कागद न करता दिलेले.

निपाणीची_सून
काकी बरोबर! आमची कन्नड शेजारीण 'कैगड' म्हणते, तेही बिनकागदाचंच.

येळ्ळूरचा_पाटील
पण उसन्या साखरेचा कागद कोण करतं? उसने म्हणजे तीच वस्तू परत देणे. पैसे उसने कसे होतील, नोट तर वेगळीच परत येते.