परिपत्रकातले चेअरमन, फायरमन आणि मनुष्यबळ: काय बदलायचं, काय ठेवायचं?

हंगामी_कारकून
सहकारी साखर कारखान्याच्या प्रशासन विभागात आहे. अध्यक्षपदी आता बाई आल्यात, आणि गळीत हंगामाआधीच्या परिपत्रकांत पुरुषवाचक शब्द नकोत असं वरून सांगितलंय. अडलेलं वाक्य असं: "मा. चेअरमन यांच्या आदेशानुसार बॉयलर विभागातील फायरमन व इतर मनुष्यबळ यांनी अग्निप्रदीपनाच्या आदल्या दिवशी सकाळी 8 वाजता हजर राहावे. गैरहजर राहणाऱ्याने त्याचा लेखी खुलासा द्यावा." अग्निप्रदीपन म्हणजे हंगामासाठी बॉयलर पेटवणं. चेअरमन, फायरमन, मनुष्यबळ या तिन्ही शब्दांना काय घालू? इंग्रजी प्रतही निघते.

टाचणी
तुम्ही ज्या तीन शब्दांवर बोट ठेवलंय त्यांच्यापेक्षा जास्त पुरुषी शब्द तुमच्या शेवटच्या ओळीत बसलेत: "राहणाऱ्याने" आणि "त्याचा". चेअरमन काढून खुर्चीवर कोणीही बसवा, ही ओळ तशीच राहिली तर खुलासा फक्त पुरुषांनीच द्यायचा असा अर्थ उरतो.

चेअरमनला सरळ "अध्यक्ष" लिहा. "अध्यक्षा" नको आणि तिरकी रेघ मारून दोन्ही तर अजिबात नको. मराठीत आदरार्थी वाक्य नीट बांधलं तर लिंग दिसतच नाही. "अध्यक्ष सभेचे कामकाज चालवतील", "अध्यक्षांनी मंजुरी दिली", "अध्यक्षांनी सही करावी" ही तिन्ही वाक्यं बाईंनाही चालतात, बुवांनाही. गडबड होते ती "उपस्थित होते", "म्हणाले", "आले" अशा क्रियापदांत. तिथे "होते की होत्या" ठरवावंच लागतं. म्हणून नियम, पोटनियम, कायमस्वरूपी आदेश यांत ती क्रियापदं टाळायची. इतिवृत्तात मात्र टाळू नका, कारण तिथे माणूस ठरलेला असतो. "सभेच्या अध्यक्षस्थानी श्रीमती अमुक होत्या" हेच बरोबर.

जुन्या फाइलींवर Ctrl+H मारणार असाल तर जपून. "अध्यक्ष"च्या जागी "अध्यक्ष/अध्यक्षा" घातलं की "अध्यक्षांनी"चं "अध्यक्ष/अध्यक्षाांनी" होतं, दोन काने एकावर एक. आणि "उपाध्यक्ष" सुटून जातो, कारण संधीत "अ" उरतच नाही, त्यामुळे शोधात तो सापडत नाही. मग एकाच पानावर अध्यक्षांना रेघ आणि उपाध्यक्षांना नाही.

सहकार_सेवक
यात चर्चा कसली करायची? 97व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांसाठी चेअरपर्सन हाच शब्द दिलाय. चेअरमन लिहिणं आता बेकायदा आहे. पोटनियमसुद्धा लगेच बदलून घ्या.

निवृत्त_लेखापरीक्षक
अर्धं बरोबर आहे. त्या दुरुस्तीत पदाधिकाऱ्यांची व्याख्या करताना प्रेसिडेंट आणि चेअरपर्सन हे शब्द आहेत, चेअरमन नाही, हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2021 मध्ये तो भाग फक्त बहुराज्यीय सहकारी संस्थांपुरता ठेवला. हा कारखाना राज्याच्या कायद्याखाली नोंदलेला असेल, तर घटनेचा तो आधार इथे पुरत नाही. आणि व्याख्येत एक शब्द आला म्हणून दुसरा बेकायदा ठरत नाही.

पोटनियमांना एवढ्यासाठी हात लावू नका. सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश मतं लागतात, मग निबंधकांकडे नोंदणी, आणि नोंदणी होईपर्यंत दुरुस्ती लागू होत नाही. एका शब्दासाठी हा खटाटोप कशाला? दुसऱ्या कारणाने दुरुस्ती निघेल तेव्हा हेही उरकून घ्यावं.

माझं मत विचाराल तर सगळाच प्रकार अनावश्यक आहे. 1897च्या जनरल क्लॉजेस अॅक्टचं कलम 13 सांगतं की पुल्लिंगी शब्दात स्त्रिया येतात. राज्याच्या 1904च्या कायद्यातही तेच आहे. कायद्याने शंभर वर्षांपूर्वी मिटवलेली गोष्ट आपण उकरून काढतोय.

शुद्धलेखनवाली
कलम 13 कायदे आणि नियम वाचण्यासाठी आहे, साहेब. कारखान्याचं परिपत्रक हा कायदा नाही. ते नोटीस बोर्डावर वाचणारी बाई जनरल क्लॉजेस अॅक्ट खिशात घेऊन फिरत नाही.

शिवाय अर्थ लावता येतो म्हणजे शब्द बरा, असं कुठे आहे? महापालिकांच्या भरतीच्या जाहिराती काढून बघा. वर "फायरमन" आणि खाली समांतर आरक्षणाच्या रकान्यात महिला 30 टक्के. वरचा शब्द एक सांगतो, खालचा रकाना दुसरं. महावितरणमध्ये लाइनमनला "जनमित्र" म्हणायला लागले, त्यानंतर "महिला जनमित्र" म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही. "महिला लाइनमन" म्हणून बघा.

आणि "सभापती" सुचवायला कोणी येणार असेल तर आधीच सांगते. पती म्हणजे इथे स्वामी, नवरा नव्हे, हे मला माहीत आहे. 2007 मध्ये प्रतिभाताई आल्या तेव्हाही राष्ट्रपती हाच शब्द राहिला. पण ज्या गावात सरपंचबाईंच्या खुर्चीवर "सरपंचपती" बसतात, तिथे पंचायत समितीच्या सभापतीबाईंच्या पदातला पती कोणता, हा विनोद दरवर्षी होतो. अध्यक्ष शब्दाला ही शेपटी नाही.

बंब_नंबर_चार
फायरमनचं उत्तर सोपं आहे. आमच्या दलात "अग्निशामक" म्हणतात, बातम्यांत "अग्निशमन दलाचे जवान". हर्षिनी कान्हेकर 2002 साली नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात गेल्या, तेव्हापासून हा प्रश्न चघळला जातोय. फक्त एक काळजी घ्या. अग्निशामक हे भिंतीवरच्या लाल नळकांड्याचंही नाव आहे. "प्रत्येक मजल्यावर दोन अग्निशामक ठेवावेत" असं लिहिलंत तर दोन माणसं ठेवायची की दोन सिलिंडर? उपकरणाला "अग्निशामक यंत्र" आणि माणसाला "अग्निशमन कर्मचारी" लिहिलं की घोळ मिटतो.

चुलवाण
ओ बंबवाले, कारखान्यातला फायरमन आग विझवत न्हाई, पेटवतो! बॉयलरच्या भट्टीत बगॅस, म्हंजे उसाचा चोथा, नीट पडतोय का, दाब पडला का, राख साचली का, हे बघणारा गडी तो. त्याला अग्निशामक केलंसा तर अग्निप्रदीपनाच्या आदल्या दिवशी पाण्याची होज घेऊन यायचा.

आणि कुणी शहाणा "बॉयलर अटेंडंट" लिहा म्हणेल, तेबी नको. अटेंडंटला परीक्षा देऊन सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, फर्स्ट क्लास न्हाईतर सेकंड क्लास. बिनप्रमाणपत्राच्या माणसाला कागदावर अटेंडंट केलं, आणि उद्या बॉयलर निरीक्षकानं हजेरीपत्रक मागितलं, तर प्रमाणपत्र कुठनं आणणार?

टाचणी
चुलवाण यांचा मुद्दा कळीचा आहे, मीही बंबाच्याच दिशेने निघाले होते. फायरमन हे इथे पदाचं नाव आहे. वेतनश्रेणी, हजेरी, पगारपत्रक, त्रिपक्षीय करार सगळीकडे ते त्याच नावाने आहे. परिपत्रकाने पदाचं नाव बदलत नाही, उलट उद्या कुणी म्हणेल, "हा आदेश माझ्या पदाला नव्हताच." म्हणून "फायरमन पदावरील कर्मचारी" असं लिहा. पद जसंच्या तसं राहतं आणि माणसासाठी "कर्मचारी" येतो.

शुद्धलेखनवाली
म्हणजे फायरमन राहिलाच की! "पदावरील" जोडून तुम्ही त्याला नुसता पडदा लावलात.

टाचणी
राहिलाच. नाव बदलायचं तर करारात बदला, मग परिपत्रक आपोआप सुधारेल. "बॉयलर सहायक" मला बरं वाटतं, पण ते युनियन आणि व्यवस्थापनाने एका टेबलावर बसून ठरवायचं. टंकलेखनात ठरवायची ती गोष्ट नाही.

मंत्रालय_वारी
मनुष्यबळाला कुणी हात लावू नका बुवा. मनुष्य म्हणजे माणूस, त्यात पुरुष कुठून आला? आपल्याकडे "बाईमाणूस" आणि "गडीमाणूस" दोन्ही आहेत, म्हणजे नुसता माणूस दोघांचा. मॅनपॉवरमधला मॅन इंग्रजीची अडचण आहे, ती मराठीच्या गळ्यात कशाला?

इंग्रजी प्रतीत मात्र एकच शब्द सगळीकडे ठोकू नका. कामगारांचा समूह म्हणायचा असेल तर वर्कफोर्स, मंजूर पदसंख्या म्हणायची असेल तर स्टाफ स्ट्रेंग्थ, कामाचे दिवस मोजायचे असतील तर पर्सन-डेज. रोजगार हमीच्या कागदांत हाच शब्द आहे, मराठीत मनुष्यदिवस. आणि GeM या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून माणसं घेणाऱ्या कार्यालयांनी तिथल्या सेवेचं नाव `Manpower Outsourcing Services` असंच लिहावं. ते पोर्टलचं नाव आहे, सुधारून लिहिलंत तर शोधात सापडणार नाही.

निवृत्त_लेखापरीक्षक
मनुष्यबळ ठेवा, पण या वाक्यात नको, आणि त्याला लिंगाशी संबंध नसलेलं कारण आहे. "मनुष्यबळ यांनी हजर राहावे" म्हणजे काय? बळ हजर राहत नसतं. मनुष्यबळ मोजायला वापरतात: "बॉयलर विभागाचे मंजूर मनुष्यबळ 36". आदेश द्यायचा तो कर्मचाऱ्यांना.

शुद्धलेखनवाली
एवढ्या भांडणात पहिल्यांदा आपलं जमलं! फक्त "कर्मचारी"ही अनेकवचनात ठेवा. "कर्मचाऱ्याने" म्हटलं की तो पुरुषच होतो, "कर्मचाऱ्यांनी" म्हटलं की दोघेही येतात.

निवृत्त_लेखापरीक्षक
तिथेच धोका आहे. "गैरहजर राहणाऱ्यांनी लेखी खुलासा द्यावा" असं लिहिलं, की दहा जण एकाच कागदावर दहा सह्या करून देतात. मग चौकशीत कोणाचं कारण कोणतं? एकवचन लिहिण्याची जुनी पद्धत पुरुषांच्या प्रेमाने नव्हती, जबाबदारी एकेकट्यावर यावी म्हणून होती. "प्रत्येकाने" लिहायला जाल तर पुन्हा पुल्लिंग.

टाचणी
"स्वतंत्र" हा एक शब्द घाला. "गैरहजर राहणाऱ्यांनी आपापला स्वतंत्र लेखी खुलासा द्यावा." अनेकवचनही राहिलं, जबाबदारीही एकेकाची. किंवा "गैरहजर राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने". व्यक्ती व्याकरणात स्त्रीलिंगी आहे, पण त्यावर अजून कुठल्या पुरुषाने तक्रार केलेली ऐकली नाही.

हंगामी_कारकून
मग असं: "मा. अध्यक्षांच्या आदेशानुसार बॉयलर विभागातील फायरमन पदावरील व इतर सर्व कर्मचाऱ्यांनी अग्निप्रदीपनाच्या आदल्या दिवशी सकाळी 8 वाजता हजर राहावे. गैरहजर राहणाऱ्यांनी आपापला स्वतंत्र लेखी खुलासा द्यावा." इंग्रजीत मॅनपॉवर काढून एम्प्लॉइज, चेअरमनचं चेअरपर्सन.

निवृत्त_लेखापरीक्षक
मराठी ठीक. इंग्रजीत पोटनियमांत चेअरमन असेल, तर बँकेकडे जाणाऱ्या ठरावात तोच ठेवा. सह्यांच्या अधिकारपत्रावर एक पदनाम आणि ठरावात दुसरं दिसलं, की काउंटरवरून कागद परत येतो.

शुद्धलेखनवाली
म्हणजे नोटीस बोर्डावर चेअरपर्सन आणि बँकेत चेअरमन. हे मला पटलेलं नाही, पण चेक अडकू नये हेही कळतं.

चुलवाण
ते सगळं झालं, पण गेटवरच्या वॉचमनचं काय करणार? "सुरक्षारक्षक" म्हटलं तर तो म्हणतो सुरक्षारक्षकाचा पगार द्या.