मदत हवी आहे: स्लाइड्सवरून तोंडी परीक्षेचे प्रश्न कसे काढायचे?

अबोली
तोंडी परीक्षा तोंडावर आली आहे. स्लाइड्सवरून प्रश्नोत्तरं लिहून काढली आहेत. मैत्रीण प्रश्न विचारते, मी उत्तर देते. पण माझं उत्तर दहा सेकंदांत संपतं आणि पुढे दोघी गप्प. लवकर सांगा, काय करू?

रानवारा
मीही तोंडीला घाबरायचो. आरशासमोर उभं राहून बोला, भीती जाते.

निरंजन_१
त्या घाबरतात असं कुठे म्हणाल्या? अबोली, विषय कुठला? मैत्रीण त्याच विषयाची का? एक स्लाइड आणि तिच्यावरचा तुमचा प्रश्न टाका.

अबोली
फिजिऑलॉजी. ती वाणिज्य शाखेची. स्लाइड ऑक्सिजन-हिमोग्लोबिन वक्राची. प्रश्न: "वक्र उजवीकडे सरकण्याची कारणं सांगा." उत्तर: तापमान वाढणं, कार्बन डायऑक्साइड वाढणं, पीएच कमी होणं, 2,3-बीपीजी वाढणं.

निरंजन_१
हे तर स्लाइडचं शीर्षक, फक्त प्रश्नचिन्ह लावलेलं. यादी विचारली की यादीच मिळणार. परीक्षक यादीनंतर "म्हणजे काय होतं?" असं विचारतो, आणि ते स्लाइडवर नसतं, शिकवताना बोललेलं असतं. म्हणून एका स्लाइडची साखळी करा.
"उजवीकडे सरकला म्हणजे काय?" हिमोग्लोबिनची ऑक्सिजनची ओढ कमी झाली, तेवढ्याच दाबाला ते जास्त ऑक्सिजन सोडतं.
"आकड्यात कसं दाखवाल?" पी-50 वाढतो, एरवी तो 27 मिमी पाऱ्याच्या आसपास असतो.
"धावताना मांडीच्या स्नायूत काय होईल?" इथे तुमची कारणं आपोआप येतात, पण कामाला लागलेली.
"गर्भाच्या हिमोग्लोबिनचा वक्र कुठे?" डावीकडे, कारण त्याला 2,3-बीपीजी कमी चिकटतं.
मैत्रिणीच्या कागदावर पूर्ण उत्तर नको. यायलाच हवेत ते दोन-तीन शब्द आणि पुढचा प्रश्न, बस.

शाईपेन
अजिबात पटलं नाही. पूर्ण उत्तरं लिहून पाठ करावीत. मी तसाच पास झालो.

निरंजन_१
व्याख्येपुरतं मान्य, ती शब्दशः यायला हवी. पण पाठ केलेल्या परिच्छेदात परीक्षकाने मधेच अडवलं, की पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागते.

अबोली
काल साखळी करून पाहिली. बोलणं लांबलं, पण एक घोळ झाला. मी "ओढ वाढते" म्हणाले आणि "ओढ" हा शब्द ऐकून तिने बरोबरची खूण केली!

मृण्मयी_व
त्या शब्दापुढे दिशाही लिहा: "ओढ कमी. 'वाढते' म्हणाली तर थांबव, 'का?' विचार." विषय येत नसलेल्या जोडीदाराला चुकीचं उत्तरही आधीच लिहून द्यावं लागतं. प्रत्येक प्रश्नाला नको. वाढ-घट आणि डावं-उजवं असेल तिथेच.

रानवारा
मग वर्गातलीच जोडीदार का घेत नाही?

अबोली
ती अर्धं उत्तर स्वतःच पूर्ण करते. मृण्मयी, मी न लिहिलेली चूक केली तर ही वाणिज्यची मैत्रीण कशी पकडणार?

मृण्मयी_व
ती नाही पकडणार. बोलणं रेकॉर्ड करा आणि नंतर स्लाइड समोर ठेवून ऐका. याहून सोपं मला तरी सापडलेलं नाही.