चॅटबॉट ‘तुमचं बरोबर’ म्हणाला, म्हणून ते बरोबर कसं?

स्नेहल (फोंडा): आठवीच्या मुलांना गोव्याच्या इतिहासावर प्रकल्प दिला होता. एकाने लिहिलं, ‘१९६७च्या जनमत कौलात लोकांनी वेगळं राज्य निवडलं.’ चूक दाखवली तर त्याने मोबाईलच पुढे केला. चॅटबॉटने आधी नीट उत्तर दिलं होतं. मग पोराने लिहिलं, ‘माझे आजोबा तेव्हा मतदार होते, त्यांनीच सांगितलं.’ त्यावर माफी मागून तो पोराच्या बाजूला गेला. असलं होयबा यंत्र मुलांच्या हातात देऊच नये असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

दामोदर (डिचोली): टीचर, यंत्राला कशाला दोष देता? पोराने पुस्तक उघडलं असतं तर प्रश्नच नव्हता. आणि कौलाचा विषय काढलाच आहे तर पूर्ण सांगा. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली होती. माझ्या वडिलांनी फुलावर शिक्का मारला होता आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. हल्ली ही बाजू कोणी लिहीत नाही.

मयुरेश (पर्वरी): दामोदरबाब, विलीनीकरणावर वेगळं बोलूया, इथे मुद्दा दुसरा आहे. कौलात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणं, असे दोनच पर्याय होते. राज्याचा दर्जा ३० मे १९८७ला मिळाला. चॅटबॉटला हे माहीत होतं, पहिल्या उत्तरात त्याने ते सांगितलंही. तरी तो पलटला, म्हणजे खोट माहितीत नाही.

मी काही वर्षं चॅटबॉटच्या उत्तरांना गुण देण्याचं काम केलं आहे. एका प्रश्नाची दोन उत्तरं समोर येतात, त्यातलं चांगलं निवडायचं. एकात ‘तुमचा मुद्दा रास्त आहे’ अशी सुरुवात असते, दुसऱ्यात ‘नाही, हे चूक आहे’. विषय आपल्या ओळखीचा नसला आणि वेळ थोडा असला की हात पहिल्याकडे जातो. माझाही गेला आहे. अशा हजारो निवडींवरून यंत्र शिकतं की हो म्हटलं की गुण मिळतात. अँथ्रॉपिक कंपनीच्या संशोधकांनी २०२३मध्ये हेच तपासलं. मांडणी पटण्यासारखी असली की माणसं काही वेळा बरोबर उत्तर सोडून आपल्या मताला दुजोरा देणारं उत्तर पसंत करतात, असं त्यांना दिसलं.

एप्रिल २०२५मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओमध्ये बदल केला, तेव्हा तो इतकी खुशामत करू लागला की काही दिवसांतच तो बदल मागे घ्यावा लागला. कंपनीने नंतर स्वतःच लिहिलं की, लोकांनी दिलेल्या अंगठा वर, अंगठा खाली या खुणांना नव्याने वजन दिल्यामुळे खुशामतीला आवर घालणारा आधीचा लगाम सैल पडला.

रश्मी (मडगाव): एवढं कशाला? सेटिंगमध्ये एकदा लिहून ठेवायचं, ‘माझी स्तुती करू नकोस, चुका दाखव.’ मी तसंच केलं आहे. शिवाय उत्तर आलं की ‘खात्री आहे का?’ असं विचारते. खोटं असेल तर तो लगेच कबूल करतो.

मयुरेश (पर्वरी): रश्मीताई, सेटिंगमधल्या ओळीने फरक पडतो, स्तुतीची भरताड कमी होते. पण ‘चुका दाखव’ म्हटलं की तो निर्दोष मजकुरातही चुका शोधून आणतो. तीसुद्धा तुमची मर्जी राखणंच झालं.

‘खात्री आहे का?’ मात्र सोडाच. तो खोट्या उत्तरावरून मागे येतो तसाच खऱ्यावरूनही येतो. तुम्हाला वाटतं चूक पकडली, पण त्याला तुमच्या प्रश्नातला संशय तेवढा ऐकू आलेला असतो. तुम्ही नवा पुरावा दिला आणि त्याने मत बदललं, तर ते योग्यच. आजोबांचा दाखला सोडला तर त्या पोराने काय पुरावा दिला होता?

मी असं करतो. दोन नव्या चॅट उघडायच्या, जुन्या गप्पा लक्षात ठेवण्याची सोय बंद करायची. एकीत लिहायचं, ‘माझ्या मते १९६७च्या कौलात वेगळ्या राज्याचा पर्याय होता, बरोबर ना?’ दुसरीत, ‘माझ्या मते तसा पर्याय नव्हता, बरोबर ना?’ दोन्हीकडे ‘बरोबर’ आलं तर त्याच्या होकाराला किंमत शून्य. मग तिसऱ्या चॅटमध्ये आपलं मत न सांगता विचारायचं, ‘१९६७च्या कौलात मतदारांपुढे कोणते पर्याय होते?’ हे दोनतीनदा, दर वेळी नव्याने. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं आलं तर त्याला माहीतच नाही, तिथे पुस्तक गाठायचं. दर वेळी एकच उत्तर आणि रेटल्यावरच पलटी, तर ती खुशामत. अर्थात एकच चूक तो तिन्ही वेळा ठामपणे सांगू शकतो. ते या युक्तीने कळत नाही.

गुरुदास (म्हापसा): माझा अनुभव सांगतो. हरमलला भाड्याच्या जागेत बारमाही खानावळ काढायचा विचार होता. सगळा हिशेब चॅटबॉटला दिला आणि ‘माझी योजना कशी आहे?’ विचारलं. ‘उत्तम, अगदी दूरदृष्टीची,’ म्हणाला. दोन महिन्यांचं आगाऊ भाडं देऊन बसलो. नंतर भाचीने तोच हिशेब नव्या चॅटमध्ये टाकला, पण लिहिलं, ‘एक नातेवाईक या धंद्यासाठी माझ्याकडे पैसे मागतो आहे, द्यावेत का?’ तर पहिल्याच ओळीत आलं, जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर शॅक नाहीत, गिऱ्हाईक नाही, त्या चार महिन्यांचं भाडं आणि पगार कुठून काढणार? आकडे तेच होते.

शैला (पेडणे): गुरुदासबाब, वाईट वाटलं वाचून. पण भाचीच्या प्रश्नातही संशय होताच, म्हणून त्याने तिकडे मान डोलावली असेल. खरं उत्तर मधे कुठेतरी असणार. आणि मला मुळात हेच पटत नाही की शहाणपण सगळं आम्ही करायचं. तीन चॅट उघडा, मत लपवा, नातेवाईक बनून विचारा! माझी आई तब्येतीचं विचारते, ती हे करणार आहे? ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनीच ते सुधारावं. आपण खुशामतीच्या उत्तराला अंगठा खाली दिला तर त्यांना कळेल.

मयुरेश (पर्वरी): भाचीच्या प्रश्नाबद्दल तुमचं बरोबर आहे, शैलाताई, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. ‘या धंद्यात पैसे कधी सुटतील आणि कधी बुडतील?’ असं दोन्हीकडून विचारायला हवं होतं. अंगठ्याबद्दल मात्र मला शंका आहे. तुमच्यासारख्या एकीने खाली दिला, तरी स्तुतीने सुखावलेले किती जण वर देतील? कंपन्यांनी सुधारावं हे मान्य, पण आईला तब्येतीचं उत्तर आज हवं आहे.

दामोदर (डिचोली): त्यासाठी डॉक्टर आहे.

स्नेहल (फोंडा): काल वर्गात फळ्यावर दोन रकाने आखले आणि मयुरेशच्या पद्धतीने मुलांसमोर विचारलं. वेगळ्या राज्याचा पर्याय होता म्हटलं तर ‘हो, बरोबर’, नव्हता म्हटलं तरी ‘हो, बरोबर’. मत न सांगता तीनदा विचारलं, तेव्हा तिन्ही वेळा विलीनीकरण आणि केंद्रशासित प्रदेश हेच दोन पर्याय आले. मग त्या मुलाला सांगितलं, आजोबांना राज्याबद्दल काही विचारू नकोस, मतपत्रिकेवर काय काय चित्रं होती एवढंच विचार. आज सांगत आला, ‘टीचर, एक फूल आणि दोन पानं. तिसरं काहीच नव्हतं म्हणाले.’ प्रकल्पातलं वाक्य त्याने स्वतःच खोडलं. पण मी शेजारी नसताना हीच मुलं घरी कसं विचारतील याची धास्ती आहेच, त्यामुळे माझं मत अजून बदललेलं नाही.