लांब व्याख्यानाच्या पाच छोट्या क्लिप करणं म्हणजे वक्त्यावर अन्याय आहे का?

आडवा_उभा
72 मिनिटांचं व्याख्यान आहे, विषय राग. आयोजकांना पाच छोट्या क्लिप हव्यात, प्रत्येक एकटी बघितली तरी कळायला हवी. मला तर असं तोडून काढणं वक्त्यावर अन्याय वाटतो. तुमचं मत काय?

कात्रीवाली
अन्याय होतो तो चुकीच्या जागी कापल्याने. मी हेच काम करते म्हणून एक झालेली चूकच सांगते. असंच एक व्याख्यान होतं, त्यात वक्ते 18व्या मिनिटाला म्हणाले की राग नसता तर अन्यायाविरुद्ध कोणी उभंच राहिलं नसतं, आणि हे चार मिनिटं असं रंगवलं की टाळ्या पडल्या. मी टाळ्या बघून तोच तुकडा उचलला. खाली लोक "वा, राग हवाच" लिहायला लागले आणि वक्त्यांचा फोन आला, कारण तो होता पूर्वपक्ष, 23व्या मिनिटाला ते त्याचंच खंडन करतात!

तेव्हापासून आधी सगळं व्याख्यान लिहून काढते आणि प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला एवढंच लिहिते, "स्वतःचं" की "दुसऱ्याचं". चांगला वक्ता खंडन सुरू करताना समोरच्याचं म्हणणं बहुतेक वेळा एका वाक्यात परत सांगतो, इथे ते 22:40 ला होतं, "तर लोक म्हणतात राग ही ताकद आहे". कापायची जागा ती. तिथून पुढे सव्वा मिनिट घेतलं की आक्षेप पण आला, उत्तर पण आलं.

झटपट
एवढं कोण बघतं, पहिल्या तीन सेकंदात माणूस थांबला नाही तर गेला. सगळ्यात जबरदस्त वाक्य उचलून सुरुवातीला लावायचं, आणि एका मिनिटाच्या आत संपवायचं, शॉर्ट्सला त्याच्यावर चालत नाही.

कात्रीवाली
शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर 2024 पासून तीन मिनिटं आहे, त्यामुळे मिनिटाच्या हट्टापायी उत्तर कापू नका. सुरुवातीचं मात्र बरोबर बोललात, फक्त ते वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहणारं हवं. "म्हणून", "तर मग", "मघाशी म्हटलं तसं" असं सुरू होणारं वाक्य कितीही जबरदस्त असलं तरी बघणारा विचारणार, म्हणून म्हणजे कशामुळे? मी क्लिप अशा माणसाला दाखवते ज्याने व्याख्यान ऐकलेलंच नाही आणि विचारते, हे काय म्हणतायत ते एका वाक्यात सांग. उलटा अर्थ सांगितला तर क्लिप बाद.

सूरपेटी
आम्ही पण केलं होतं हो, तासाभराच्या प्रवचनाचे बारा बारा मिनिटांचे पाच भाग, पहिला भाग लोकांनी बघितला आणि पाचव्यापर्यंत कोणी आलंच नाही, तेव्हा मला वाटतं लोकांना संयमच राहिला नाही.

झटपट
ते भाग झाले, क्लिप नाही. चौथा भाग कळायला तिसरा लागणार, मग कोण थांबणार?

जुना_श्रोता
माझा विरोध वेगळ्याच गोष्टीला आहे. चांगल्या प्रवचनात गोष्ट 11व्या मिनिटाला येते आणि तिचा अर्थ 54व्या मिनिटाला उलगडतो, मधली त्रेचाळीस मिनिटं ती गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात न सुटलेल्या गाठीसारखी राहते. तुम्ही दोन्ही टोकं शेजारी चिकटवलीत की गाठ उरतच नाही. आणि वक्ता जे सलग बोललाच नाही ते सलग बोलल्यासारखं दाखवणं मला खोटेपणा वाटतो.

कात्रीवाली
खोटेपणाचा मुद्दा मान्य, म्हणून जोड लपवत नाही, मध्ये अर्धा सेकंद काळी चौकट ठेवते, क्रमही कधी बदलत नाही. पण गाठीबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. त्याच व्याख्यानातली अशी जोडलेली क्लिप वक्त्यांना पाठवली तर ते म्हणाले नुसती गोष्ट ठेवा, अर्थ नको.

जुना_श्रोता
मग ती एकटी उभी कशी राहिली? अर्थ तर बाहेरच राहिला.

कात्रीवाली
गोष्ट म्हणून राहिली, शिकवण म्हणून नाही. मला अजूनही ती अर्धी वाटते, त्यांना वाटत नाही.

आडवा_उभा
आज वरच्या पद्धतीने लिहून काढलं. "स्वतःचं" लिहिलेले आणि आधीच्या बोलण्यावर न टेकणारे तुकडे चारच निघाले. पाचवा एकच शक्य आहे, पण त्यात वक्ते दोनदा "ते पहिलं उदाहरण आठवा" म्हणतात. ती दोन वाक्यं कापली तर चालेल का?

कात्रीवाली
कापून ऐकून बघा. उदाहरणाशिवाय मुद्दा पटत असेल तर ठेवा. नाहीतर वक्त्यांना तोच मुद्दा मिनिटभरात परत बोलायला सांगून वेगळा रेकॉर्ड करा, तेही नको म्हणाले तर चारच द्या.

झटपट
चार दिल्या तर आयोजक ऐकणार नाहीत, पाच ठरल्यात.

जुना_श्रोता
पाच हा आकडा व्याख्यान ऐकायच्या आधी ठरवला होता की नंतर, ते विचारा त्यांना.