मदत हवी आहे: लोकरी कोटाची लेपल छातीवरून सुटते, हेअर कॅनव्हास असूनही रोल का टिकत नाही?

रेवती_धरमपेठ:
नमस्कार मंडळी. भावाचा लग्नातला कोट आहे, दोन बटणांचा, नेव्ही ब्लू, शुद्ध लोकरीचं मध्यम वजनाचं कापड. इथल्याच एका दुकानात शिवला होता, फुल कॅनव्हास आहे म्हणून सांगितलं होतं आणि पैसेही तसेच घेतले. लग्नात मस्त दिसला, पण ड्रायक्लीन होऊन आल्यापासून लेपल मधोमध छातीपासून उचलून राहिली, सहज बोट जाईल एवढी फट आणि डावं टोक वर वळते. दुकानवाले म्हणतात घालून घालून असंच होते. मला ते काही पटलं नाही.

मी ब्लाऊज आणि लेडीज कोट शिवते, म्हणून डाव्या बाजूचं अस्तर उसवून फेसिंगची आतली कड मोकळी केली. कॅनव्हास खरा आहे, मुठीत चुरगळला की लगेच उसळतो, कापल्या कडेतून केस टोचतात. पण पॅडस्टिचिंगचे टाके रोल लाइनपासून टोकापर्यंत सगळे सारखे, जवळपास 2 सेंमीचे, आणि लेपल टेबलावर ठेवली की कागदासारखी सपाट पडते. रोल लाइनवरचा टेप मोजला, लाइन 32 सेंमी, टेपपण 32 सेंमी. आता नुसतं पॅडिंग नवीन करून भागेल का टेपपण काढावा लागेल? आणि टोकाचं काय करू?

पिंकी_शिवणक्लास:
ताई, माझ्या मुलाच्या बंदगळ्याचंपण असंच झालंय, कॉलर मानेपासून लांब उभी राहते. त्यात डबल बकरम घातलं तर चालेल का?

सुईदोरा_अमरावती:
टेप ओढलेलाच नाही ना, तिथंच गडबड आहे. नवीन टेप लाव, 2 सेंमी कमी घे, पूर्ण लांबीत सारखा ओढून. मग ओला कपडा ठेवून रोल लाइनवर कडक इस्त्री मार, एकदा घडी बसली की हलत नाही. आमच्याकडं असंच करतात.

कोटवाले_काका:
सुईदोरा, टेपचं निदान बरोबर आहे, पण बाकीचं करू नका रेवतीताई. 32 सेंमीत 2 सेंमी ओढला तर समोरचा पल्ला आखडेल आणि बटणाच्या वर चुण्या पडतील. आणि कडक घडीने लेपल बसल्यासारखी दिसते खरी, पण तो रोल नाही, ती घडी आहे, आणि बटणाजवळ घडी पडली की कोट मेला.

आधी एक बघा. कोट भावाला घालून बटण लावा आणि रोल लाइन मधोमध चिमटीत हलकेच धरा, दोन-तीन मिलिमीटर कापड चिमटीत आलं की फट बसते का? बसली तर दोष टेपचा. मग लेपल हाताने पूर्ण उघडून सोडून द्या. आपोआप परत वळली नाही तर पॅडिंगपण मेलेलं आहे.

पिंकीताई, बंदगळ्याला लेपलच नसते, तिथं आधी गळ्याचं माप आणि कॉलरचा आकार बघावा लागेल. बकरम वाढवून कॉलर नुसती ताठ होईल. वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

रेवती_धरमपेठ:
काका, बघितलं. चिमटीत धरलं की फट जाते. सोडली की लेपल परत वळत नाही, अर्धवट उभी राहते. म्हणजे दोन्ही?

कोटवाले_काका:
दोन्ही. टेप आधी.

सुती टेप पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर नंतर वाफेत आटेल. रोल लाइनच्या आत, म्हणजे छातीच्या बाजूला, साधारण 1 सेंमी सोडून लावा. वरचा आणि बटणाकडचा भाग सपाट ठेवायचा, ओढ फक्त मधल्या अर्ध्यात. तुमच्या 32 सेंमीला मी 7-8 मिलिमीटर घेईन, भावाची छाती भरलेली असेल तर 1 सेंमीपर्यंत, त्यापुढं नाही. आधी धावदोरा घाला, टेपच्या बाजूला कापड थोडं फुगलेलं दिसेल, ते वाफेनं आटवा. लोकर आहे म्हणून आटते बरं का, पॉलिएस्टर असतं तर तिथं चुण्याच राहिल्या असत्या. मग टेपच्या दोन्ही कडा हाताने कॅनव्हासला टाचा.

आता पॅडिंग. जुने टाके फक्त लेपलमधले काढा, छातीच्या भागाला हात लावू नका. कॅनव्हास वर आणि कापड खाली ठेवून लेपल डाव्या हाताच्या बोटावर गुंडाळून धरा. लेपल वळते तेव्हा कोटाचं कापड वळणाच्या आतल्या बाजूला येतं आणि कॅनव्हास त्याच्या बाहेरून जातो, म्हणून कॅनव्हासला वाट जास्त लागते. बोटावर वळवूनच टाका घातला की तो फरक टाक्यात अडकून राहतो. टेबलावर सपाट ठेवून घातलेले टाके दोन्ही थर सारख्या लांबीचे बांधतात, तशी लेपल सपाटच राहणार, कितीही इस्त्री करा. तुमच्याकडं तेच झालेलं दिसते.

ओळी रोल लाइनला समांतर घ्या. लाइनजवळ टाका 1 सेंमीचा, टोकाकडं जाताना बारीक करत अर्ध्या सेंमीवर आणा, कारण टोकाला कापड थोडं आणि वळण जास्त लागते. सुई कापडाचा एकच धागा उचलेल एवढीच, आणि दोरा ओढायचा नाही. ओढला तर उजेडात बाहेरून खड्डे दिसतील, गडद निळ्यावर तर फारच. शिलाईच्या मायेत टाका नेऊ नका.

झालं की लेपल टेबलावर सोडा. स्वतःहून वळून राहिली पाहिजे.

सुईदोरा_अमरावती:
काका, टेप मी तर रोल लाइनवरच बसवतो. आत का घ्यायचा? बाबापण लाइनवरच लावायचे.

कोटवाले_काका:
तसं लावणारे जुने कारागीर आहेत, त्यांचे कोटपण चांगले बघितलेत, चूक म्हणणार नाही. लाइनवर टेप असला की वळण थोडं धारदार येतं, मला ते आवडत नाही म्हणून आत घेतो.

रेवती_धरमपेठ:
डाव्या बाजूचं केलं. टेपची ओढ 8 मिलिमीटर घेतली. लेपल आता टेबलावर स्वतःहून वळते, घालून बघितला तर फट गेली, बटणाच्या वर काय सुरेख गोलाई येऊन राहिली! पण टोक अजून किंचित वर बघते. फेसिंग नुसतं धावदोऱ्यावर आहे.

कोटवाले_काका:
टोक वर वळते म्हणजे फेसिंग ओढून राहिलं. लेपल वळलेली असताना फेसिंग सगळ्यात बाहेरून जाते, तिला सगळ्यात जास्त कापड लागते. दोन जागा बघा. एक, आतली कड. लेपल वळवून, हातावर धरून फेसिंगला स्वतःहून बसू द्या, मग रोलजवळ धावदोरा घाला आणि त्यानंतरच आतली कड अस्तराला जोडा. सपाट ठेवून जोडली की ती लेपलला उघडं ओढते. दोन, टोकाची शिलाई. तिथं माया किती आहे?

रेवती_धरमपेठ:
आतली कड तुम्ही म्हणता तशी लावून बघितली, बराच फरक पडला. टोकाला माया जेमतेम 4 मिलिमीटर, तीपण कातरलेली.

कोटवाले_काका:
मग फेसिंग वाढणार नाही, लेपल लहान करावी लागेल. टोकाच्या दोन्ही बाजूंना 4-5 सेंमी उसवा, कॅनव्हास 2 मिलिमीटर कापा, समोरच्या कापडाची शिलाई तेवढीच आत घ्या, फेसिंग आहे तशीच ठेवा. शिवताना फेसिंगचं कापड टोकाला किंचित सैल बसेल. उलटवल्यावर शिलाई खालच्या बाजूला वळली आणि वरून दिसली नाही की जमलं समजा.

इस्त्री मात्र रोलवर नको. टॉवेलची गुंडाळी आत ठेवून वरून वाफ द्या आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. लॉन्ड्रीवाल्याला बजावून सांगा, लेपल दाबायची नाही. या कोटाचा रोल प्रेसखालीच सपाट झाला असावा, पॅडिंग असं ढिलं असल्यावर परत उठणार कुठून.

रेवती_धरमपेठ:
अजून एक. उजवी लेपल घालून बघितली तर ठीक बसते, पण आत टेप-टाके तसेच असणार. तीपण उघडू का? आणि डावं टोक 2 मिलिमीटर लहान झालं तर दोन्ही टोकांत फरक दिसेल ना?

सुईदोरा_अमरावती:
बसली आहे तर कशाला उघडता. 2 मिलिमीटर कोणाला दिसते.

कोटवाले_काका:
समोरासमोर असतात दोन्ही, मला तर दिसतील. टोक उजवीकडंही घ्या. आतलं उघडायचं का, ते सांगणं कठीण आहे. एका बाजूला नवीन रोल आणि एका बाजूला जुना, पुढच्या ड्रायक्लीननंतर दोन्ही वेगळे वागू शकतात. उजवी लेपल उघडून सोडल्यावर परत वळते का ते बघून कळवा.