मुलांच्या घड्याळातलं सिम आणि नकाशावरचा ठिपका: तुमचे अनुभव सांगा

काल भाच्याच्या घड्याळात सिम घालून दिलं आणि दोन वर्षांपूर्वीची दुपार आठवली. लेक तिसरीत होती. शाळा सुटायला अर्धा तास, आणि अ‍ॅपमध्ये तिच्या घड्याळाचा ठिपका थेट नदीपलीकडे! फोन लागेना, कारण शाळेच्या वेळेत कॉल बंद राहावेत असं मीच लावलं होतं. रिक्षा करून धावले. ही चित्रकलेच्या तासाला, पहिल्या बाकावर. बाईंसमोरच रडू आलं. ठिपक्याखाली LBS लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ तेव्हा माहीत नव्हता.

मंदार_के: LBS म्हणजे मोबाइल टॉवरवरून बांधलेला अंदाज. स्लॅबखाली घड्याळाला उपग्रहांचे सिग्नल नीट मिळत नाहीत. मग ते आसपासची वायफाय शोधतं, तीही नसली की टॉवर. शहरातसुद्धा काहीशे मीटर सहज चुकतं, गावाकडे किलोमीटरच्या वर. ठिपक्याखाली GPS असेल तरच नेमकं धरा, आणि शेजारची वेळ बघा, ठिपका अर्ध्या तासापूर्वीचा असू शकतो. अ‍ॅपमध्ये शाळेभोवती जे वर्तुळ आखतो, ज्याबाहेर ठिपका गेला की इशारा येतो, ते १०० मीटरचं ठेवलंत तर रोज खोटे इशारे येतील. मी ५०० ठेवलंय.

स्नेहल७: अगं बाई, वाचूनच पोटात गोळा आला 😟

आरोहीचे बाबा: जीपीएसला नेट लागत नाही, त्यामुळे नुसतं बोलण्याचं रिचार्ज पुरतं. उगाच डेटा घेऊ नका.

मंदार_के: जागा शोधायला नेट लागत नाही, बरोबर. पण ती तुमच्या फोनवर पोचवायला लागतं ना. डेटा संपला की कॉल चालू राहतात आणि ठिपका जुन्या जागीच अडकतो.

आरोहीचे बाबा: अच्छा! म्हणूनच आमची आरोही रविवारीसुद्धा शाळेत दिसते.

वंदनाताई: माझ्या सासूबाईंना घेऊ का हे? ७६ वय, सकाळी फिरायला जातात. आकडे मोठे दिसतात का?

स्नेहल७: ताई, रोज रात्री चार्जिंगला लावायला हवं, त्यांना जमेल?

म्युनिकहून_मुग्धा: इथे जर्मनीत २०१७ मध्ये गुपचूप ऐकता येणाऱ्या मुलांच्या घड्याळांवर बंदी आली. पालक घरी बसून वर्गातलं बोलणं ऐकायचे. तुमच्या अ‍ॅपमध्ये तसं बटण असेल तर वापरू नका, इतरांची मुलंही ऐकू येतात.

स्नेहल७: मुग्धा, पटतंय. पण मुलगी रिक्षात एकटी असते तेव्हा मला ते हवंसं वाटतं गं.

गौरी_प: घाईत लिहितेय, कुकर लावलाय. जिओचं सिम माझ्या फोनमध्ये चालतं, घड्याळात घातलं की "सिम नाही". का?

मंदार_के: घड्याळ 2G असेल. जिओचं 2G नाहीच, 4G घड्याळ लागतं. खोक्यावर काय लिहिलंय?

गौरी_प: खोकं परवाच रद्दीत गेलं 😔 दुकानात विचारून येते.